मुलांच्या पुस्तकाचं अरबी भाषांतर: हरकती कधी द्यायच्या, कधी नाही? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी बालपुस्तकांच्या अरबी भाषांतरांचं समन्वयाचं काम करते. भाषांतरकार अरब, तपासणारे अरब, पण पुस्तक मराठी किंवा इंग्रजी, आणि निर्णय घेणारा संपादक बहुतेक वेळा अरबी न वाचणारा. त्याचे प्रश्न ठरलेले असतात. तेच इथे उत्तरांसह लिहून ठेवते आहे.

हरकती म्हणजे नेमकं काय?

अरबी लिपीत अठ्ठावीस अक्षरं आणि ती मुख्यतः व्यंजनांची. आ, ई, ऊ हे दीर्घ स्वर अक्षरांनी लिहिले जातात. ऱ्हस्व अ, इ, उ लिहायचेच झाले तर अक्षराच्या वर किंवा खाली छोट्या खुणा करायच्या. वरची तिरकी रेघ म्हणजे फतहा (अ), खालची कसरा (इ), वरचा छोटा आकडा दम्मा (उ). आपल्याकडे उर्दू शिकलेले यांनाच जबर, जेर, पेश म्हणतात. यांच्या जोडीला स्वर नसल्याची खूण सुकून, अक्षर दुप्पट उच्चारायची खूण शद्दा, आणि शब्दाच्या शेवटी ‘न’ जोडणारी तनवीन. या सगळ्या प्रकाराला अरबीत तश्कील म्हणतात. बोलताना आम्ही सरसकट ‘हरकती’ म्हणतो.

वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, दुकानांच्या पाट्या, मोबाइलवरचे निरोप या सगळ्यांत हरकती जवळजवळ नसतातच.

मोठे लोक त्याशिवाय वाचतात, मग मुलांना का लागतात?

आपण ‘चार गायी’ आणि ‘गाईला चार’ यांतला ‘च’ वेगवेगळा उच्चारतो. लिपीत तो फरक नाही, तरी आपण अडखळत नाही, कारण दोन्ही शब्द कानाला आधीपासून ठाऊक असतात. अरब मोठा माणूस हेच करतो, फक्त प्रत्येक ओळीत आणि बहुतेक प्रत्येक शब्दात.

मुलाची पंचाईत वेगळी आहे. कैरोचं किंवा मस्कतचं मूल घरी स्थानिक बोली बोलतं. पुस्तकाची भाषा असते फुसहा, म्हणजे प्रमाण अरबी. तिचे कित्येक शब्द आणि क्रियापदांची बरीच रूपं त्याच्या कानावर पडलेली नसतात. शब्दाच्या शेवटी बदलणाऱ्या विभक्तीच्या खुणा तर बोलीत नाहीतच. मग आठवणीतून भरायचं तर काय भरायचं? म्हणून अरब देशांतल्या शाळेच्या पहिल्या इयत्तांची पुस्तकं पूर्ण हरकतींची असतात, आणि वरच्या इयत्तांत त्या कमी होत जातात.

मग वयाची रेघ कुठे ओढायची?

माझी ढोबळ रेघ अशी: आठ वर्षांपर्यंतच्या वाचकासाठी पूर्ण, नऊ-दहाच्या आसपास निवडक, त्यापुढे फक्त जिथे खरोखर घोटाळा होईल तिथेच. पण वयापेक्षाही मी आधी विचारते की पान कोण वाचणार आहे. तीन वर्षांच्या मुलाला आई वाचून दाखवणार असेल तर वाचक आई आहे. तरी मी पूर्ण हरकती देते, कारण मोठ्याने वाचताना आईही शेवटच्या खुणांवर अडते, आणि दोन वर्षांनी तेच पुस्तक मूल स्वतः हातात घेतं. परदेशात वाढणाऱ्या, घरी थोडंफार अरबी ऐकणाऱ्या मुलांसाठी ही रेघ मी दोन-तीन वर्षं पुढे ढकलते.

जास्त दिल्या तर काय बिघडतं, असंही विचारतात. सरावलेल्या वाचकाला त्या गर्दी वाटतात. अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात पूर्ण हरकतींचं पुस्तक दिलं तर ते ‘हे लहानांचं आहे’ म्हणून बाजूला ठेवतं. संशोधनही एका बाजूचं नाही. हैफा विद्यापीठाचे सालिम अबू-रबिया यांच्या अभ्यासांत हरकतींनी वाचनाला मदत झालेली दिसते, तर दुसऱ्या काहींच्या अभ्यासांत सराईत वाचकाचा वेग त्यांनी मंदावलेला दिसतो. मला दोन्ही पटतं. वाचक निराळे आहेत.

एखादं पान प्रत्यक्ष करून दाखवाल का?

समजा मराठी पान असं आहे: ‘तिनं हळूच दार उघडलं. मांजर पलंगाखाली झोपली होती. सलमा म्हणाली, ऊठ!’ भाषांतर हरकतींशिवाय असं येतं:

```
فتحت الباب بهدوء.
كانت القطة نائمة تحت السرير.
قالت سلمى: قومي!
```

पहिलाच शब्द बघा. फ, त, ह, त अशी चार व्यंजनं. ती ‘फतहतु’ वाचली तर ‘मी उघडलं’. ‘फतहत’ वाचली तर ‘तू उघडलंस’, मुलाला उद्देशून. ‘फतहति’ वाचली तर तेच मुलीला उद्देशून. आणि तिसऱ्या अक्षरावर अ देऊन ‘फतहत्’ वाचली तर ‘तिनं उघडलं’. चारही वाक्यं व्याकरणानं शुद्ध आहेत, आणि दार चारही जणांना उघडता येतं. सलमाचं नाव येतं थेट तिसऱ्या ओळीत. मोठा वाचक नजर पुढे टाकून सावरून घेतो. मूल पहिला शब्द मोठ्याने ‘फतहतु’ म्हणतं, गोष्ट ‘मी’ची आहे असं धरून चालतं आणि तिसऱ्या ओळीला गोंधळतं. संपादक म्हणतो, ‘पुढे कळतंय की!’ पुढे कळतं हे खरंच, पण चूक आधीच होऊन गेलेली असते.

पूर्ण हरकतींसह तेच पान:

```
فَتَحَتِ الْبَابَ بِهُدُوءٍ.
كَانَتِ الْقِطَّةُ نَائِمَةً تَحْتَ السَّرِيرِ.
قَالَتْ سَلْمَى: قُومِي!
```

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती नेहमी निसटते. ‘तिनं उघडलं’ याचा शेवटचा ‘त’ खरं तर सुकूनचा. पण पुढे ‘अल्-बाब’ आहे, त्याचा ‘ल’ही स्वराशिवाय. दोन सुकून लागून येऊ नयेत म्हणून ‘त’ला कसरा मिळते आणि उच्चार होतो ‘फतहतिल्-बाब’. आता ‘तू (मुली) उघडलंस’ यातही शेवटच्या ‘त’ला कसराच असते. म्हणजे फक्त शेवटच्या अक्षरावर खूण दिली तर कोडं तसंच राहतं. फरक त्याच्या आधीच्या ‘ह’वर आहे: तिथे फतहा असेल तर ‘ती’, सुकून असेल तर ‘तू’.

हेच पान दहा वर्षांच्या मुलासाठी मी असं पाठवेन:

```
فتحَتِ الباب بهدوء.
كانت القطّة نائمة تحت السرير.
قالت سلمى: قومي!
```

पूर्ण पानावर अडतीस खुणा, या पानावर तीन. ‘ह’वरची फतहा आणि ‘त’ची कसरा घोटाळा मिटवतात. ‘मांजर’ या शब्दातली शद्दा मी सवयीनं ठेवते, तिचं कारण खाली येतंच.

पण चित्र आहेच ना बाजूला? मुलाला कळेल की.

कधी कळतं, कधी चित्रच फसवतं. एका पुस्तकात वाक्य होतं ‘सलमा शाळेत गेली’. शाळा म्हणजे ‘मद्रसा’. तीच अक्षरं ‘मुदर्रिसा’ वाचली की अर्थ होतो शिक्षिका:

```
ذهبت سلمى إلى المدرسة
الْمَدْرَسَةِ
الْمُدَرِّسَةِ
```

चित्रकारानं हौसेनं शाळेच्या दारात हसऱ्या बाई उभ्या केल्या होत्या. ‘सलमा बाईंकडे गेली’ हे वाचन चित्राशी अगदी जुळत होतं, आणि चाचणीला बसलेल्या तिघांतल्या एका मुलीनं तेच वाचलं. दुसरी जोडी ‘हमाम’ आणि ‘हम्माम’ची: एक म्हणजे कबुतरं, दुसरं म्हणजे न्हाणीघर, फरक फक्त एका शद्दाचा. न्हाणीघराच्या खिडकीत कबुतर बसलेलं चित्र असेल तर बिचारं मूल काय करणार!

म्हणून हरकतींचा निर्णय नुसत्या मजकुराच्या फाइलवर होत नाही. भाषांतरकाराला पान चित्रासकट दाखवा. चित्रानं एकच अर्थ शिल्लक ठेवला असेल तर निवडक पुस्तकात खूण वगळता येते. चित्रात दोन्ही अर्थ बसत असतील तर खूण हवीच.

निवडक द्यायच्या तर कुठल्या द्यायच्या?

शब्दाची स्वतःची शद्दा मी कधी गाळत नाही; ‘अस्-सरीर’सारखी ‘अल्’ जोडल्यामुळे येणारी मात्र सोडते. ती काटेकोरपणे स्वराची खूण नाही, पण तिच्यावाचून शब्दच बदलतो: ‘दरस’ म्हणजे तो शिकला, ‘दर्रस’ म्हणजे त्यानं शिकवलं. हीच बघा वर सांगितलेली सवय. बऱ्याच प्रौढ पुस्तकांतही बाकी काही नसलं तरी शद्दा अधूनमधून दिसते.

त्यानंतर कर्मणी क्रियापदं. पहिल्या अक्षरावर दम्मा आला की कर्ता बदलतो आणि कधी गोष्टच उलटते:

```
وَلَدَتِ القطّة
وُلِدَتِ القطّة
```

वरच्या ओळीत मांजर व्यायली, खालच्या ओळीत मांजर जन्मली. हरकती काढा, दोन्ही ओळी हुबेहूब एक. पिल्लांच्या गोष्टीत याची फार गंमत होते आणि ती आपल्याला नको असते.

मग आपल्या पानासारखी ‘त’नं संपणारी भूतकाळी क्रियापदं, मात्र कर्ता लगेच शेजारी नसेल तेव्हाच. ‘कालत सलमा’ला मी काही दिलं नाही, कारण सलमा शेजारीच उभी आहे. शिवाय त्या अक्षरांचं ‘मी म्हणाले’ होतच नाही, ते रूप वेगळं लिहितात. आणि शेवटी मुलाला नवा असेल असा शब्द, पण पुस्तकात पहिल्यांदा येईल तिथे.

एखाद्या शब्दाला खूण द्यायची ठरली की तो शब्द सुटेल इतक्या तरी द्या. उगाच शोभेची एक फतहा टाकून शब्द अर्धवट सोडला की वाचणारा उलट थबकतो: हीच खूण का दिली असेल बरं?

शब्दाच्या शेवटच्या खुणा द्यायच्या का? त्यावरच सगळे भांडतात.

हो, भांडतात. शेवटची खूण म्हणजे विभक्ती, अरबीत इअराब. ती शब्दाच्या अर्थावर नाही, वाक्यातल्या जागेवर ठरते. तीन वाक्यं बघा: ‘मांजर झोपलेली आहे’, ‘मांजर झोपलेली होती’ आणि ‘खरंच, मांजर झोपलेली आहे’.

```
الْقِطَّةُ نَائِمَةٌ
كَانَتِ الْقِطَّةُ نَائِمَةً
إِنَّ الْقِطَّةَ نَائِمَةٌ
```

मांजर तीच, झोप तीच. ‘कान’ आलं की दुसऱ्या शब्दाचा शेवट बदलतो, ‘इन्न’ आलं की पहिल्याचा. एक पक्ष म्हणतो, मुलांना हे लहानपणीच कानावर पडायला हवं. दुसरा म्हणतो, पाच वर्षांच्या मुलाला याचं काय, आतले स्वर द्या आणि शेवट मोकळे सोडा.

मी पूर्ण हरकतींच्या पुस्तकात शेवटही देते. आतले स्वर दिले आणि शेवट सोडला तर मूल शेवट आपल्या बोलीसारखा गिळून वाचतं, आणि मग ‘फतहतिल्-बाब’सारखे सांधे जुळत नाहीत. वाक्याच्या शेवटच्या शब्दाची गोष्ट जरा वेगळी. वाचताना तिथे थांबतात आणि थांबल्यावर शेवटचा ऱ्हस्व स्वर उच्चारत नाहीत: छापलेलं ‘अस्-सरीरि’, वाचलेलं ‘अस्-सरीर’. गद्यात मी कसरा छापून ठेवते, थांबून वाचायला शिक्षक शिकवतात. बडबडगीतात मात्र यमक त्या थांब्यावर असतं, म्हणून तिथे ओळीच्या शेवटी सुकून. एका पुस्तकात दोन पद्धती मिसळू नका, एवढंच.

भाषांतर हातात आल्या आल्या हरकती मारून घ्यायच्या का?

नाही. वरची तीन वाक्यं पुन्हा बघा. संपादकानं ‘आहे’चं ‘होती’ केलं की हरकत न बदललेल्या शब्दावर बदलते. मजकूर हलता असताना पूर्ण हरकती दिल्या की प्रत्येक दुरुस्तीनंतर आजूबाजूचे शब्द पुन्हा तपासावे लागतात, आणि कोणी ना कोणी एक विसरतं. माझ्याच हातून एका पुस्तकात असं झालं होतं: ‘कान’ शेवटच्या दिवशी घातलं, पुढची तनवीन जुनीच राहिली, आणि पुस्तक तसंच छापून आलं. चुकीची हरकत ही नसलेल्या हरकतीपेक्षा वाईट. नसली तर मूल विचारतं, चुकीची असली तर विश्वास ठेवतं.

म्हणून क्रम असा. भाषांतरकार पहिल्याच खर्ड्यात फक्त घोटाळ्याच्या शब्दांना खुणा देतो, म्हणजे संपादक आणि चित्रकारही चुकीचं वाचत नाहीत. मग मजकूर पक्का होतो आणि त्यानंतर कोणी शब्द हलवत नाही. मग पूर्ण हरकती, आणि शेवटी त्या देणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्याकरण जाणणाऱ्या माणसाची तपासणी. अरबी प्रकाशनात या माणसाला मुदक्किक लुगवी म्हणतात. बजेट कापताना आधी याचं नाव कापलं जातं, हा माझा अनुभव.

हरकती देताना चुकून एखादं अक्षर बदललं नाही ना, हे अरबी न येणाऱ्यालाही तपासता येतं. दोन्ही फाइलींतल्या खुणा काढायच्या आणि उरलेला मजकूर जुळवायचा:

```
import re
re.sub(r'[\u064B-\u0652\u0670]', '', text)
```

एका अक्षराचाही फरक निघाला तर भाषांतरकाराला विचारा.

गोष्टीतली मराठी नावं कशी लिहायची?

इथे वय बघत बसू नका, नावाला हरकत द्याच. ‘मनू’ नुसत्या अक्षरांत लिहिलं तर अरब मूल मनू, मिनू, मुनू यांपैकी काहीही वाचेल. आठवणीत शोधायला त्याच्याकडे तो शब्दच नाही. दुसरा मार्ग म्हणजे ऱ्हस्व स्वराच्या जागी दीर्घ अक्षर घालायचं. तो सोपा आहे, पण ‘कमल’चं ‘कमाल’ होतं, आणि कमाल हे अरबांचं ओळखीचं पुरुषी नाव आहे. कमल मुलगी असेल तर गोष्टीची पंचाईत. निवडक हरकतींच्या पुस्तकात मी नावाला पहिल्या दोन-तीन वेळा पूर्ण खुणा देते आणि मग सोडते.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर भारतीय गोष्टींची अरबी रूपंही आहेत. हाताशी अरबी वाचणारं कोणी असेल तर तिथे नावांचं काय केलंय ते एकत्र बसून बघा.

आमच्या ओळखीचे एकजण कुराण वाचतात. ते हरकती तपासू शकतील का?

खुणा ओळखू शकतील. कोकणात, मराठवाड्यात किती तरी जण लहानपणी ‘कायदा’ हे अक्षरओळखीचं पहिलं पुस्तक संपवून कुराण वाचायला शिकलेले असतात, आणि त्यांचा उच्चार अनेकदा उत्तम असतो. पण छापलेली हरकत वाचणं आणि कोणती हरकत हवी हे ठरवणं ही दोन कामं आहेत. दुसऱ्याला व्याकरण लागतं. शिवाय कुराणाच्या छपाईत थांबण्याच्या, स्वर लांबवण्याच्या खास खुणा असतात. त्या गोष्टीच्या पुस्तकात येत नाहीत.

मांडणीत हरकती गायब होतात किंवा अक्षरांवर चढतात. काय करावं?

तीन ठिकाणी बघा. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडून डावीकडच्या लिपीची सोय चालू आहे ना: इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला `Adobe World-Ready Paragraph Composer` लावलेला असावा लागतो. टंक हरकतींसाठी घडवलेला हवा. अमीरी, शहरजाद न्यू, नोटो नस्ख हे चालतात, जाहिरातीचे जाड सजावटी टंक सहसा मार खातात. आणि ओळींमधलं अंतर. वरच्या ओळीची कसरा खालच्या ओळीच्या शद्दावर आदळते. पूर्ण हरकतींच्या पानाला मी अंतर अक्षराच्या आकाराच्या दुपटीजवळ मागते.

छापील प्रुफात शद्दा आणि कसरा एकत्र येतात तिथे थांबून बघा. बऱ्याच टंकांत अशी कसरा अक्षराच्या खाली न जाता शद्दाच्या लगेच खाली, पण अक्षराच्या वरच बसते. ती चूक नाही. मुलाला मात्र ती फतहा वाटू शकते, म्हणून अगदी लहानांच्या पुस्तकासाठी कसरा अक्षराखाली ठेवणारा टंक निवडते.

तनवीन ‘अलिफ’वर द्यायची की त्याच्या आधीच्या अक्षरावर, यावरही दोन पद्धती आहेत आणि दोन्ही छापल्या जातात. एक ठरवा आणि शेवटच्या पानापर्यंत तीच ठेवा.

चित्रातल्या पाट्या आणि मुखपृष्ठाचं काय?

चित्रात बेकरीची पाटी असेल तर तिला हरकती देऊ नका. खऱ्या रस्त्यावरच्या पाटीला नसतात, आणि मूल ती रस्त्यावर तशीच वाचायला शिकणार आहे. त्या पाटीवरचा शब्द गोष्टीत महत्त्वाचा असेल तर मजकुरात तो हरकतींसह एकदा येऊ द्या. मुखपृष्ठावरच्या नावाला आत जशा असतील तशा. फक्त सजावटी टंकात त्या बसत नसतील तर निदान शद्दा वाचवा, आणि आतल्या पहिल्या पानावर नाव पूर्ण हरकतींसह पुन्हा छापा. ग्रंथालयाच्या आणि दुकानाच्या नोंदीत मात्र नाव हरकतींशिवायच भरा, कारण शोधणारा हरकती टाइप करत नाही, आणि सगळ्याच यंत्रणा त्या वगळून शोधत नाहीत.